समदाब रेषांचा नकाशा नागपुरात बसून वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा आला की हवामान नकाशाचे स्क्रीनशॉट येऊ लागतात आणि सोबत "यात नागपूरचं काय?" एवढाच प्रश्न असतो. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर मुद्दाम बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबावर आहे, कारण विदर्भाचा बहुतेक मोठा पाऊस त्याच वाटेने येतो. घाईत असाल तर प्रश्न 3 आणि 5 वाचा.

1. नकाशावरच्या त्या वाकड्यातिकड्या रेषा म्हणजे नेमकं काय?

त्या समदाब रेषा, म्हणजे आयसोबार. एका रेषेवरच्या सगळ्या गावांत हवेचा दाब सारखा असतो आणि तो आकडा रेषेवर लिहिलेला असतो: 998, 1000, 1002 असा. एकक हेक्टोपास्कल. जुनी माणसं मिलिबार म्हणतात, आकडा तोच राहतो. आपल्याकडच्या नकाशात साधारणपणे दर 2 हेक्टोपास्कलला एक रेषा काढतात. युरोपातल्या नकाशात बहुधा 4चं अंतर असतं, म्हणून नकाशा हातात आला की आधी रेषांमधला फरक पाहायचा.

रेषा बंद होऊन कडं तयार झालं आणि आत जाताना आकडे उतरत गेले, तर ते कमी दाबाचं केंद्र. चढत गेले तर जास्त दाबाचं. नकाशावर तिथे L किंवा H लिहिलेलं असतं. कडं बंद न होता रेषा एका बाजूला लांबट वाकल्या असतील तर तो कमी दाबाचा पट्टा.

नकाशाच्या कोपऱ्यातली वेळही बघा. ती UTC मध्ये असते आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असतं. 03 UTC लिहिलेला नकाशा म्हणजे सकाळी साडेआठची स्थिती. तो तुमच्या हाती दुपारी पडला असेल तर मधल्या काळात सगळं सरकलेलं आहे.

2. माझा मोबाईल 967 दाखवतो आणि नकाशावर नागपूरजवळ 1002ची रेषा आहे. खोटं कोण?

दोघंही खरे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंचीवर आहे आणि इतक्या उंचीवर दाब जवळपास 35 हेक्टोपास्कलनी कमी भरतो. मोबाईलमधला सेन्सर तुमच्या खोलीतला दाब मोजतो. नकाशा काढताना मात्र प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीवर आणून मांडतात. तसं केलं नाही, तर महाबळेश्वरवर कायमचं चक्रीवादळ दिसेल.

मोबाईलच्या आकड्यात 35 मिळवले की नकाशाशी ढोबळ तुलना होते. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक-दीड मिळवा. पण खरा उपयोग त्या आकड्यापेक्षा तो कालच्या तुलनेत किती बदलला याचा आहे, आणि त्यातही एक मेख आहे. ती प्रश्न 7 मध्ये आहे.

3. रेषांवरून वाऱ्याची दिशा कशी ओळखायची?

पहिली समजूत अशी असते की वारा जास्त दाबाकडून सरळ कमी दाबाकडे जातो. पृथ्वी फिरत नसती तर तसंच झालं असतं. फिरत्या पृथ्वीवर उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो आणि रेषा ओलांडण्याऐवजी बराचसा रेषांना समांतर वाहतो. त्यामुळे कमी दाबाभोवती तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि जास्त दाबाभोवती घड्याळाच्या दिशेने.

लक्षात ठेवण्याचा नियम डच हवामानतज्ज्ञ बाईस बॅलट यांनी 1857 मध्ये मांडला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. नकाशावर हेच उलट वापरायचं. नागपूरवर बोट ठेवा, कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला येईल असं तोंड मनातल्या मनात फिरवा. तुमच्या पाठीकडून वारा येतोय.

यात एक दुरुस्ती लागते. जमिनीलगत झाडं, इमारती, डोंगर वाऱ्याला अडवतात, वेग मंदावतो आणि वारा रेषांना तिरका छेद देत थोडा कमी दाबाच्या आत शिरतो. जमिनीवर हा कोन साधारण 20 ते 30 अंशांचा असतो, खडबडीत भागात जास्तही, समुद्रावर कमी. म्हणजे केंद्र अगदी डावीकडे नसतं, डावीकडे आणि किंचित पुढे असतं.

उदाहरण घेऊ. केंद्र नागपूरच्या बरोबर पूर्वेला, छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला आहे. पूर्व डाव्या हाताला यायची तर तोंड दक्षिणेकडे करावं लागेल, म्हणजे वारा उत्तरेकडून. घर्षणाची दुरुस्ती केली की तो वायव्येकडे झुकतो. पावसाळ्यात नागपुरात वायव्येचा वारा सुटला की पूर्वेकडे काहीतरी शिजतंय असं जे म्हणतात, त्यामागे हाच नियम आहे.

वाऱ्याचा जोर मुख्यतः हवेच्या दाबातल्या फरकावर ठरतो, म्हणून रेषा जितक्या दाट तितका वारा जोरात. रेषा विरळ असतील तर दिशेचा अंदाजही फारसा धरू नका. अशा वेळी तापलेली जमीन आणि जवळच्या ढगाखालचे झोत दिशा ठरवतात.

4. बातमीत कधी "कमी दाबाचं क्षेत्र", कधी "डिप्रेशन", कधी "डीप डिप्रेशन" असतं. नकाशावर फरक कसा कळतो?

कडी मोजायची. 2 हेक्टोपास्कलच्या अंतराने काढलेल्या नकाशात एक बंद कडं असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, दोन असतील तर डिप्रेशन, तीन असतील तर डीप डिप्रेशन, आणि चार किंवा जास्त म्हणजे चक्रीवादळ. ही मोजणी मुख्यतः जमिनीवर कामाची. समुद्रावर वाऱ्याचा वेग पाहतात: 17 ते 27 नॉट डिप्रेशन, 28 ते 33 डीप डिप्रेशन, 34 पासून चक्रीवादळ. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.

4 हेक्टोपास्कलच्या अंतराचा परदेशी नकाशा घेऊन कडी मोजू नका. तिथे आपलं डिप्रेशन एकाच कड्याचं दिसतं.

5. उपसागरात डिप्रेशन तयार झालंय. नागपुरात पाऊस येईल का, हे नकाशावरून कसं ठरवायचं?

पूर्ण उदाहरण करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण ऑगस्टमध्ये असा नकाशा नवलाचा नाही.

सकाळी साडेआठच्या नकाशावर केंद्र ओडिशात संबलपूरजवळ आहे. आतलं कडं 994चं, बाहेरचं 996चं. दोन कडी, म्हणजे डिप्रेशन. नागपूर 1000च्या रेषेवर आहे आणि संबलपूरपासून साधारण 500 किलोमीटर पश्चिमेला. वारा प्रश्न 3 प्रमाणे उत्तर-वायव्येचा, ढग विरळ. या घडीला पाऊस मुख्यतः ओडिशा-छत्तीसगडमध्ये आहे.

आता वाटचाल. पावसाळी डिप्रेशन सहसा पश्चिम-वायव्येकडे सरकतं. वेग काढायला कालचा नकाशा शेजारी ठेवा आणि दोन्ही केंद्रांतलं अंतर मोजा. समजा ते 24 तासांत 360 किलोमीटर आलंय, म्हणजे ताशी 15. याच वेगाने आणि याच दिशेने पुढे रेघ ओढली, तर उद्या सकाळी केंद्र मध्य प्रदेशात मंडलाच्या आसपास पोहोचेल. तिथून नागपूर नैऋत्येला, अडीचशे किलोमीटरवर.

इथे सगळं "नैऋत्येला" या शब्दावर ठरतं. पावसाळी डिप्रेशनचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैऋत्य भागात पडतो. एक कारण असं की हे चक्र उभं सरळ नसतं, वर जाताना नैऋत्येकडे कललेलं असतं. दुसरं, अरबी समुद्राकडून येणारा दमट पश्चिमी प्रवाह याच बाजूला चक्रात ओढला जातो आणि हवा वर उचलली जाते. म्हणजे केंद्र आपल्या ईशान्येला असताना नागपूर, भंडारा, गोंदिया नेमके माऱ्यात असतात. सहसा गोंदिया-भंडाऱ्याकडे आधी सुरुवात होते आणि मग नागपूर. केंद्र अजून लांब आहे म्हणून बेफिकीर राहू नये, ते याचसाठी.

त्या रात्री घरच्या घरी काय दिसेल? दाब कालच्या त्याच वेळेपेक्षा तीन-साडेतीननी खाली, वारा वायव्येकडून पश्चिमेकडे सरकलेला, आणि पश्चिमेच्या वाऱ्यातच पावसाचा जोर. वारा नैऋत्येचा झाला की केंद्र बरोबर उत्तरेला आलं. तो दक्षिणेकडे वळला आणि दाब चढू लागला की केंद्र पुढे गेलं.

रेघ ओढून काढलेला हा अंदाज एका दिवसापुरता ठीक असतो. दोन दिवसांनंतर वाट वळू शकते किंवा जमिनीवर आलेलं डिप्रेशन विरूही शकतं. म्हणून रोज नवा नकाशा घेऊन रेघ पुन्हा ओढायची.

6. तेच डिप्रेशन दक्षिणेकडून गेलं तर?

तर चित्र उलटं. केंद्र तेलंगणातून गेलं की नागपूर त्याच्या उत्तरेला पडतं, म्हणजे जास्त पावसाच्या भागाबाहेर. तो पाऊस तेलंगण आणि मराठवाड्याकडे जातो. आपल्याकडे ढग, सरी, दमट हवा एवढ्यावर भागतं. चंद्रपूर-गडचिरोलीला मात्र नागपूरपेक्षा जास्त मिळू शकतो.

ओळखायची खूण वाऱ्यातच आहे. केंद्र उत्तरेकडून जाताना वारा वायव्य, पश्चिम, नैऋत्य, दक्षिण असा घड्याळाच्या उलट फिरतो. दक्षिणेकडून जाताना उत्तर, ईशान्य, पूर्व असा घड्याळाप्रमाणे. गच्चीवर एखादी कापडी पट्टी बांधून तीन-तीन तासांनी दिशा लिहून ठेवलीत, तर पुढचा नकाशा येण्याआधी वाट कळते. केंद्र अगदी डोक्यावरूनच गेलं तर वारा मंदावतो आणि मग एकदम उलट बाजूने येतो.

7. दुपारी दाब सकाळपेक्षा तीन-चारनी उतरला. वादळ येतंय का?

बहुधा नाही. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी आहे. सकाळी दहा ते दुपारी चार यांतला फरक आपल्याकडे निरभ्र दिवशीही 3 ते 4 हेक्टोपास्कल भरतो. युरोपातल्या पुस्तकांत "तीन तासांत 3ने उतरला तर सावध" असं लिहिलेलं असतं. ते इथे जसंच्या तसं लावलं, तर रोज दुपारी वादळ जाहीर करावं लागेल.

उपाय सोपा: आज सकाळी साडेआठची तुलना काल सकाळी साडेआठशी करायची. हवामान खात्याच्या नकाशांतही 24 तासांतला बदल पाहतात तो याचमुळे. 24 तासांत 2-3ची उतरण दिसली आणि पूर्वेकडच्या गावांत ती आणखी जास्त असेल, तर कमी दाब आपल्याकडे सरकतोय. सर्वांत जास्त उतरण जिथे, सहसा तिकडेच केंद्र निघालेलं असतं.

8. मे-जूनमध्ये सर्वांत खोल L राजस्थान-सिंधवर असतो. मग तिथे पाऊस का नसतो?

तो तापलेल्या जमिनीचा कमी दाब असतो. वाळवंट तापतं, हवा हलकी होते, खालचा दाब पडतो. पण हे चक्र उथळ असतं, साधारण दीड किलोमीटरपर्यंतचं, आणि त्याच्यावर हवा खाली दबत असते. ढग उभे राहायला जागाच मिळत नाही. शिवाय हवा कोरडी.

नागपूरकरांसाठी याचा अर्थ असा की मेच्या नकाशात वायव्येला L आणि आपल्यावर विरळ रेषा दिसल्या, तर वारा वायव्येचा, कोरडा आणि भाजून काढणारा. नवतपातला ठरलेला नकाशा हाच. L दिसला म्हणजे पाऊस, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. दमट हवा कुठून येणार, हा प्रश्न प्रत्येक L ला विचारायचा.

9. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस पाऊस गायब होतो. ते नकाशात दिसतं का?

दिसतं, आणि छान दिसतं. पावसाळ्यात राजस्थानच्या गंगानगरपासून उपसागराच्या वायव्य भागापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा असतो, त्याला मान्सूनची आस म्हणतात. ती नेहमीच्या जागी किंवा थोडी दक्षिणेला असली की मध्य भारतात पाऊस. ती सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेली की बिहार, आसाम, पायथ्याच्या भागात जोर आणि आपल्याकडे खंड. सोयाबीन-कपाशीवाल्यांनी एकच गोष्ट पाहावी: आसेचं पूर्वेकडचं टोक उपसागरात परत उतरलं का. तिथे नवं कमी दाबाचं क्षेत्र तयार होणं ही खंड सुटण्याची सहसा पहिली खूण. पुढचं प्रश्न 5.

10. शाळेच्या पुस्तकात निळे त्रिकोण आणि लाल अर्धगोल असलेल्या आघाड्या शिकलो. नागपूरच्या नकाशात त्या का नसतात?

कारण इथे त्या तयारच होत नाहीत. आघाडी, म्हणजे फ्रंट, ही थंड आणि उबदार हवेच्या दोन मोठ्या राशींमधली सीमा. तिच्या दोन बाजूंना तापमानात ठळक फरक हवा. पावसाळ्यात आपल्याकडे उपसागराची हवा आणि अरबी समुद्राची हवा भेटते, पण दोन्ही उबदार आणि दमट. सीमा म्हणून ओढावं असं काही उरत नाही. मान्सूनच्या डिप्रेशनला आघाड्या नसतात. कुणी भारताच्या पावसाळी नकाशावर त्रिकोण काढून पाठवले तर तो नकाशा बाजूला ठेवा.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ येतात ते मुळात भूमध्य समुद्राकडचे. तिकडे त्यांना आघाड्या असतात. इराण-अफगाणिस्तानचे डोंगर ओलांडून येईपर्यंत जमिनीवरची आघाडी विस्कटलेली असते आणि उरतो तो वरच्या थरातला पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा. तो उत्तर भारतावरून गेला की मागून उत्तरेचा कोरडा गार वारा येतो आणि एक-दोन दिवसांत नागपुरात पारा घसरतो. परिणाम शीत आघाडीसारखाच, रेघ मात्र काढता येत नाही.

11. मुलगी लंडनला आहे. तिकडच्या नकाशातली आघाडी कशी वाचायची?

त्रिकोण किंवा अर्धगोल ज्या बाजूला काढलेले, त्या बाजूला आघाडी सरकते. निळे त्रिकोण शीत आघाडीचे, लाल अर्धगोल उष्ण आघाडीचे. दोन्ही एकाच बाजूला असलेली जांभळी रेघ म्हणजे शीत आघाडीने उष्णला गाठलं. दोन विरुद्ध बाजूंना असतील तर आघाडी अडून बसली आहे.

आघाडीवर समदाब रेषांना कोपरा पडतो आणि त्याचं टोक जास्त दाबाकडे असतं. तो कोपरा म्हणजेच वाऱ्याचा बदल. शीत आघाडी येण्याआधी लंडनमध्ये वारा नैऋत्येचा, हवा उबदार-दमट, दाब उतरता. आघाडीसोबत पावसाचा पट्टा. ती गेली की वारा वायव्येचा, दाब चढता, हवा गार आणि अधूनमधून ऊन. उष्ण आघाडीचा पाऊस वेगळा: रेघ पोहोचण्याच्या कितीतरी तास आधी रिपरिप सुरू होते.

12. दोन्हीकडे रेषा सारख्याच दाट दिसतात. वाराही सारखाच ना?

नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्ताकडे कमी होत जातो, म्हणून तितक्याच दाबफरकाला तोलायला वाऱ्याला जास्त वेग लागतो. 200 किलोमीटरला 2 हेक्टोपास्कल असा फरक धरला, तर लंडनच्या अक्षांशावर घर्षणाविना वारा साधारण 15 नॉट निघतो आणि नागपूरच्या 21 अंशांवर 32च्या आसपास. जमिनीलगत दोन्हीकडे तो निम्म्यापर्यंत उतरतो. आपल्याकडे 2च्या अंतराने रेषा काढतात त्याचं कारण यात आहे: इथे लहान फरकही मोठं काम करतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा हिशेब कोलमडतो आणि तिथे समदाब रेषांऐवजी वाऱ्याच्या प्रवाहरेषा पाहतात.

13. फेब्रुवारीत काटोलकडे गारपीट झाली, पण नकाशात एकही L नव्हता. असं कसं?

कारण घडामोड वर होती. अशा वेळी वरच्या थरातला पश्चिमी पट्टा थंड हवा घेऊन मध्य भारतावर येतो आणि खाली उपसागरावरच्या जास्त दाबाभोवती घड्याळाप्रमाणे फिरणारा वारा विदर्भात दमट हवा ओततो. खाली उबदार-दमट, वर थंड: ढग उंच चढतात आणि गारा पडतात. समुद्रसपाटीच्या नकाशात यातला एकच धागा दिसतो, उपसागरातला H आणि आपल्याकडे आग्नेय-दक्षिणेचा वारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नेहमीचा कोरडा उत्तरेचा वारा सोडून दोन दिवस दमट आग्नेयेचा वारा लागला, तर संत्रावाल्यांनी वरच्या थरांचे नकाशे आणि इशारे बघावेत. 850 हेक्टोपास्कलचा नकाशा साधारण दीड किलोमीटर उंचीचा असतो, 500चा साडेपाच-सहाचा. बातमीतली "चक्राकार वाऱ्यांची स्थिती" बहुधा याच वरच्या नकाशांतली असते, म्हणून जमिनीच्या नकाशावर शोधून सापडत नाही.

14. 23 सप्टेंबर 2023ला अंबाझरी तलाव ओसंडला. तो पाऊस समदाब रेषांत दिसला असता का?

दिशा कळली असती, प्रमाण नाही. त्या पहाटे शहरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. इतका पाऊस पाडणारे ढग काही किलोमीटर रुंदीचे असतात आणि नकाशातल्या दोन रेषांमधलं अंतरच शेकडो किलोमीटरचं. हवा दमट आहे, कमी दाब जवळ आहे, एवढंच नकाशा सांगतो. अंबाझरीवर कोसळणार की कामठीवर, हे रडार आणि दर तासाच्या इशाऱ्यांवरूनच कळतं. नकाशा मोकळा दिसतोय म्हणून पावसाळ्यात नागनदीच्या काठी रात्री गाडी लावून ठेवू नका.

15. हे नकाशे पाहायचे कुठे आणि कोणत्या वेळेचे?

हवामान खात्याच्या mausam.imd.gov.in वर. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला विमानतळाजवळ आहे आणि विदर्भाचे इशारे तिथून निघतात. सकाळी साडेआठचा नकाशा घ्या, कारण पावसाची दिवसाची मोजणीही साडेआठलाच होते आणि दोन्ही जुळवून पाहता येतं. शेजारी कालचा साडेआठचा ठेवा. एकट्या नकाशावरून वाऱ्याची दिशा निघते, केंद्राची चाल काढायला दोन लागतात.